लिहा, अठरा लाइन: एका टेकच्या स्वगताच्या नोंदी

६ जानेवारी

काम ठरलं. नऊ मिनिटांचं स्वगत, एकच टेक, मध्ये एकही कट नाही. चाळीस वर्षं चाललेलं दुकान उद्यापासून बंद होणार, आज मालकाचा तिथला शेवटचा दिवस. लेखन आणि दिग्दर्शन माझ्याकडे. कॅमेरा आणि फोकस दोन्ही ताई बघणार. दुकानदार म्हणजे काका. त्यांनी आयुष्यभर रंगमंचावर काम केलंय आणि अजूनही कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की 'शेवटच्या रांगेला ऐकू जाईल ना?' असं विचारतात.

दुकान कशाचं, हे आधी ठरवायला हवं होतं. घड्याळांचं डोक्यात पहिल्यांदा आलं, म्हणूनच सोडलं. शिवाय भिंतभर टिकटिक म्हणजे आवाजाचं मरण. पुस्तकांचं दुकान बंद होतंय म्हटलं की प्रेक्षक आपण काही न करताच हळवा होतो. ते फुकटचं हळवेपण नको. शेवटी बटणांवर येऊन थांबलो. एकेकटं बटण म्हणजे काहीच नाही, पण मोजायला लागलं की संपत नाही. आणि बटणांच्या दुकानाची भिंत मला फार आवडते: पुठ्ठ्याची खोकी छतापर्यंत रचलेली, आणि आत काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येक खोक्याच्या तोंडावर बाहेरून एकेक बटण शिवलेलं. चिठ्ठी नाही, नाव नाही. भिंतच यादी असते.

९ जानेवारी

पहिला खर्डा झाला. १४३० शब्द. रात्री वाचला तेव्हा बरा वाटला, सकाळी वाचला तेव्हा लाज वाटली.

यात दुकानदार उभा राहून आपलं चरित्र सांगतो. दुकान कधी टाकलं, पहिलं गिऱ्हाईक कोण, लग्न, मुलगा परगावी, मग मंदी, मग आज. मधून मधून भिंतीकडे बघतो आणि उसासा टाकतो. कंसात '(विराम)' असं २३ वेळा लिहिलंय मी. मोजले.

दोन गोष्टी चुकल्यात. एक म्हणजे तो कुणाशी बोलतोय हे मला माहीत नाही. 'स्वगत' हा शब्दच इथे घात करतो. रंगमंचावर माणूस स्वतःशी मोठ्याने बोलला तर प्रेक्षक ते मान्य करून बसलेला असतो. कॅमेरा चार हातांवर असताना रिकाम्या दुकानात एकटा माणूस सलग नऊ मिनिटं बोलायला लागला की प्रेक्षक आधी त्याच्या डोक्याबद्दल शंका घेतो. दुसरं, नऊ मिनिटं त्याच्या हातांनी काय करायचं याचा मी विचारच केलेला नाही. कट असता तर हात लपवता आले असते. खोकं उचलतानाचा क्लोज-अप, मग चेहरा, मग पुन्हा हात. इथे ती सोय नाही. हात रिकामे राहिले की नट त्यांना काहीतरी काम देतो, आणि ते काम नेहमी वाईटच असतं: चष्मा पुसणं, टेबलावर हात फिरवणं.

१२ जानेवारी

ऐकणारा कोण, यावर तीन दिवस गेले.

आधी फोन लावून बघितला. मुलाचा फोन येतो, दुकानदार त्याला सांगतो. लगेच अर्धी वाक्यं पलीकडच्याची उजळणी करण्यात जायला लागली: 'काय म्हणतोस? उद्या नाही येत?' शिवाय एक हात फोनमध्ये अडकतो. स्पीकरवर टाकला तर दुसरं पात्र बोलायला लागतं, मग स्वगत कसलं.

मग जुनं गिऱ्हाईक आणलं. ते गप्प का राहील याला कारण सापडेना. शेवटच्या दिवशी आलेलं गिऱ्हाईक बोलणारच.

आज सुचलं. दुकानातला सगळा माल एकत्र उचलणाऱ्या व्यापाऱ्याने आपला माणूस पाठवलाय, यादी करायला. तो टेबलापाशी बसून लिहितोय. दुकानदार खोकं उतरवतो, मोजतो, आकडा सांगतो: 'लिहा.' पलीकडचा माणूस गप्प का, तर तो लिहितोय. दुकानदार बोलतो का, तर ते आज त्याचं कामच आहे. आणि कॅमेरा त्या लिहिणाऱ्याच्याच जागी, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. लिहिणारा कधी दिसत नाही. फक्त पेनाचा आवाज आणि कधी पान उलटल्याचा.

याचा एक फायदा नंतर लक्षात आला. परक्या माणसाला कुणी चरित्र सांगत बसत नाही. जे सांगायचं ते मालाच्या ओघातच येणार. म्हणजे लग्न, मुलगा, मंदी, सगळं आपोआप गळलं.

१५ जानेवारी

बटणांचा हिशेब शिकतोय. इथे खोटं लिहिलं तर धंद्यातला माणूस पहिल्या मिनिटाला उठून जाईल.

बटणाचं माप लाइनमध्ये सांगतात. ४० लाइन म्हणजे एक इंच, व्यासाला. म्हणजे एक लाइन साधारण ०.६३५ मिलिमीटर. शर्टाच्या पुढच्या पट्टीला बहुतेक १८ लाइन लागतं, साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. कोटाला ३२, म्हणजे वीस मिलिमीटर. मोजणी डझनात आणि ग्रोसमध्ये, एक ग्रोस म्हणजे बारा डझन, १४४. बंद पाकिटं ग्रोसची, उघडलेल्या मालात बारा-बारा बटणं एकेका पुठ्ठ्यावर टाचलेली. त्यामुळे दुकानदार बटणं मोजत नाही, पुठ्ठे मोजतो. पत्त्यांचा जोड अंगठ्याने फर्रकन सोडावा तसे. अर्ध्या मिनिटात एक खोकं होतं. हे मला हवंच होतं. बटणं एकेक मोजायची असती तर नऊ मिनिटांत एक खोकंही झालं नसतं.

मग भिंतीचा आकडा ठरवला. एकूण २१२ खोकी. आपण दुकानात शिरतो तेव्हा १९८ लिहून झालेली आहेत. उरली १४. म्हणजे मोजणी संपत आलेली असताना चित्रपट सुरू होतो, 'चला, सुरुवात करू' वगैरे वाक्यांची गरजच उरत नाही.

पहिलं वाक्य: 'एकशे नव्याण्णव. लिहा. अठरा लाइन, पांढरं, चार भोकी, दोन ग्रोस बंद, वर सात डझन.'

स्क्रिप्टमध्ये सगळे आकडे अक्षरी लिहायचे असं ठरवलं. नटाला आकडा दिसला की तो वाचतो. अक्षर दिसलं की बोलतो. शिवाय 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यात भल्याभल्यांची जीभ घसरते, ते कागदावरच मिटलेलं बरं.

४० लाइन म्हणजे एक इंच हे वाचल्यावर मोह आवरला नाही. २०५ नंबरच्या खोक्यात मोठी कोटाची बटणं ठेवली आणि त्याच्या तोंडी घातलं: 'चाळीस लाइन. एक इंच. चाळीस वर्षांचा हिशेब शेवटी एवढाच.' आवडलंय. उद्या बघू.

१६ जानेवारी

बघितलं. 'चाळीस लाइन, एक इंच' एवढंच ठेवलं, पुढचं वाक्य काढलं. दुकान चाळीस वर्षांचं आहे हे सुरुवातीला फॉर्मच्या रकान्यासाठी तो कोरडेपणाने सांगतो: 'वर्षं? चाळीस.' एवढं ऐकलेला प्रेक्षक २०५व्या खोक्यापाशी जोडेल तर जोडेल.

१८ जानेवारी

काकांबरोबर टेबलावर बसून वाचन. जुना १४३० शब्दांचा खर्डाच वाचला, वेग कळावा म्हणून. ११ मिनिटं. म्हणजे मिनिटाला १३० शब्द.

मग हातात खोकी दिली. खरी पुठ्ठ्याची, आत बटणांचे पुठ्ठे. तोच मजकूर, उतरवणं, झाकण उघडणं, मोजणं यांच्यासह: १५ मिनिटं. मिनिटाला ९५. पटकथेचं एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इथे कामाचा नाही. नट हातात वस्तू घेतो तेव्हा त्याच्या बोलण्याचा वेग ती वस्तू ठरवते. झाकण घट्ट बसलं असेल तर वाक्याचा शेवट दाताखाली येतो. मोजताना ओठ हलतात, म्हणजे बोलता येत नाही.

नऊ मिनिटांना ९५ने ८५० शब्द होतात. त्यात पेनाची वेळ धरली नव्हती. लिहिणारा प्रत्येक नोंदीला पाच-सहा सेकंद घेणार. चौदा-पंधरा नोंदींचं मिळून दीड मिनिट त्यातच गेलं. म्हणजे खरे शब्द ७००. निम्मा मजकूर काढायचाय.

काकांना सांगितलं तर ते खूश. म्हणाले, 'अरे, मग पाठांतर कमी!' पाठांतराबद्दल ते म्हणाले ती दुसरी गोष्ट मी लिहून ठेवली. रंगमंचावर विसरलं तर समोरचा नट सावरतो, इथे समोर कुणीच नाही. पण खोक्यांच्या तोंडावर बटण आहे. पुढचं खोकं हातात आलं की बटण बघून पुढचं वाक्य आठवतं. भिंतच प्रॉम्प्टर. यावरून नियम केला: कुठलंही वाक्य दोन खोक्यांमध्ये पसरवायचं नाही. प्रत्येक खोक्याचं बोलणं त्याच खोक्यात सुरू होऊन तिथेच संपेल. एखादं विसरलं तर आकडा सांगून पुढचं उचलायचं, टेक वाया जाणार नाही.

२१ जानेवारी

७०० शब्दांचा खर्डा. '(विराम)' एकही नाही. जिथे थांबायचंय तिथे पेन चालतं. किती थांबायचं हे काकांनी ठरवायचं नाही, लिहिणाऱ्याने ठरवायचं. म्हणून चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्याशेजारी मी स्वतः बसून खरोखर यादी लिहिणार आहे. पेन थांबलं की काका पुढे. तालमीत हे करून बघितलं आणि फरक लगेच दिसला. आधी ते थांबायचे तेव्हा 'आता मी थांबलोय' हे चेहऱ्यावर यायचं. आता ते वाट बघतात. वाट बघणारा चेहरा वेगळाच असतो.

एक खोकं जवळून लिहून ठेवतो, २०२ नंबरचं, कारण इथे मी बराच अडकलो होतो.

(खोकं टेबलावर. झाकण उघडतो. एक बटण काढून गालाला लावतो.)
शिंपल्याचं. प्लॅस्टिक असं गार लागत नाही.
(बटण पुढे करतो, कॅमेऱ्याकडे. लिहिणारा घेत नाही. हात मागे.)
बरं. लिहा. चोवीस लाइन, शिंपला, दोन भोकी, नऊ डझन. नऊच.

आधी इथे शिंपल्याच्या बटणांवर सहा वाक्यं होती. आता 'नऊच' एवढ्यावर भागतं. लिहिणारा बटण घेत नाही हे सगळ्यांत उपयोगी पडलं. परका माणूस परकाच आहे हे कुणी सांगावं लागत नाही.

आता चाळीस वर्षं. ती कुठेतरी अंगात दिसायला हवीत, फक्त रकान्यात नकोत. वरच्या फळीवर शेवटची खोकी ठेवली. २०८ झालं की तो सवयीने वर हात टाकतो. बोटं फळीच्या कडेपर्यंत पोहोचतात, खोक्यापर्यंत नाही. मग पायाने स्टूल ओढतो. यावर शब्द एकही नाही. ठेंगणंच स्टूल घेतलंय, एक पायरी. काकांनी नऊ मिनिटांच्या टेकमध्ये शिडी चढावी असं मला अजिबात वाटत नाही.

२३ जानेवारी

पूर्ण यादी एका सुरात चाललीय. तेरा-चौदा वेळा 'लिहा' ऐकल्यावर कान सरावतो, आणि मग काहीतरी मोडायला हवं. रडू नको, पडणंही नको. यादीतच न बसणारं काहीतरी हवं.

म्हणून वरच्या फळीवर एक जास्तीचं खोकं ठेवलं, २०८ नंतर. त्याच्या तोंडावर बटण शिवलेलं नाही.

(झाकण उघडतो. बघतो. झाकण लावतो.)
हे लिहू नका.
(पेन थांबतं.)
सुट्टी आहेत. नमुना म्हणून लोक एक आणतात. जुळलं की नवीन घेतात, आणि आणलेलं इथेच विसरतात. डझनात बसत नाहीत ही.
(खोकं यादीच्या ढिगात नाही, स्टुलाशेजारी खाली ठेवतो.)
दोनशे नऊ. लिहा.

आधी 'मागायला कुणी परत आलं तर असावीत म्हणून ठेवली' असंही होतं. ते प्रेक्षकाने म्हणायचं वाक्य आहे, दुकानदाराने नाही. काढलं.

शेवट मात्र अजून नाही. आत्ता कागदावर तो यादीवर सही करतो आणि शटर ओढतो. शटर ओढणं हे असल्या गोष्टीत इतकं ठरलेलं आहे की लिहिताना हातच गेला. तांत्रिक अडचणही आहेच: कॅमेरा आत, शटर खाली आलं की सगळा उजेड गेला. ताई म्हणाली, 'काळ्या पडद्यावर खडखडाट ऐकवायचा असेल तर तसं सांग, मी लवकर घरी जाते.'

२६ जानेवारी

जागेवर तालीम, कॅमेऱ्यासह.

फोकस. फळी कॅमेऱ्यापासून अडीच मीटरवर, टेबल एक मीटरवर. काका पंधरा वेळा मागे-पुढे होणार, आणि ताई प्रत्येक वेळी फोकस ओढणार. पहिल्या फेरीत ती सतत अर्धा सेकंद मागे राहिली, कारण काका कधी वळतील हे कळत नव्हतं. मग बोलणं थोडं हलवलं. पूर्वी खोक्याचा नंबर ते चालत येताना सांगायचे. आता खोकं टेबलावर टेकलं की मगच नंबर. पुठ्ठा टेबलावर आपटल्याचा आवाज हीच तिची खूण. आणि परत फळीकडे वळायची खूण म्हणजे पेन थांबणं, ते तर माझ्याच हातात आहे. भिंगाचं छिद्रही ५.६ वर आणलं, म्हणजे टेबलावर काका चार बोटं पुढे-मागे झाले तरी चालतं.

आवाज. कॉलरचा माइक टाकून दिला. काका खोकं छातीशी धरून आणतात, नऊ मिनिटं नुसती खरखर. वरून दांडीचा माइक. पण बटणांचा खळखळाट शब्दांवर येतो आणि तो नंतर वेगळा करता येत नाही. दोन्ही एकाच उंच पट्टीत असतात, 'स' आणि 'च' त्यात बुडून जातात. म्हणून आणखी एक नियम: खोकं हलत असताना ओठ बंद. स्क्रिप्टमधली चार वाक्यं यासाठी पुढे सरकवली.

उजेड. दारातून उन्हाचा कवडसा फळीवर पडतो. ताईला वाटत होतं तो अडवावा. हिशेब केला: सूर्य तासाला १५ अंश सरकतो, नऊ मिनिटांत सव्वादोन अंश. दोन मीटरवर पडलेला कवडसा तेवढ्यात साधारण आठ सेंटिमीटर सरकेल. हाताच्या पंजाएवढा. सरकू दे की. एका टेकची ही एक चैन आहे: आधीच्या शॉटशी काही जुळवायचंच नसतं. दहाच्या टेकला कवडसा कुठे होता आणि बाराच्या टेकला कुठे, याची कुणालाच फिकीर नाही. फक्त एक्सपोजर हाताने पक्कं ठेवायचं. आपोआपवर राहिलं तर कवडशात पांढरं खोकं आलं की अख्खं दुकान काळवंडतं.

मांडामांड. टेक संपला की पंधरा खोकी परत जागेवर. खोक्यांच्या तळाला पेन्सिलने नंबर घातले. चार मिनिटांत होतं. शंभर खोकी उतरवायचा पहिला विचार ठेवला असता तर दिवसाला दोनच टेक झाले असते.

३० जानेवारी

चित्रीकरण, पहिला दिवस. सहीचा शेवट तसाच ठेवून गेलो, कारण दुसरा सुचलाच नाही.

पहिला टेक दीड मिनिटात मोडला, झाकण हातातून सुटलं. दुसरा पूर्ण झाला, पण काका शेवटच्या रांगेसाठी बोलत होते.

तिसरा चांगला चालला होता. २१२ झालं. मी नोंद लिहून पेन ठेवलं. काकांनी सही करायला पुढे यायचं होतं. ते आले नाहीत. खोकं हातात धरून उभे राहिले, बाहेर शिवलेल्या बटणावर त्यांचा अंगठा गेला, आणि ते म्हणाले, 'हे बाहेरचं धरलं का आपण?'

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. मी कट म्हणणार होतो, म्हटलं नाही. ते पुढे म्हणाले, 'प्रत्येकाला एक आहे. तोही माल आहे.' मग छताकडे बघत तोंडाने हिशेब केला आणि ठामपणे सांगितलं, 'सतरा डझन नऊ. लिहा.' मी लिहिलं.

टेकनंतर विचारलं, हे कुठून आलं? म्हणाले, 'गेल्या तालमीपासून डोक्यात होतं. चाळीस वर्षं दुकान केलेला माणूस ते सोडेल होय?' बरोबर आहे. मी दहा दिवस शेवट भिंतीबाहेर शोधत होतो, तो भिंतीवर शिवलेला होता.

रात्री यादी समोर घेऊन आकडा तपासला. २१२ बटणं म्हणजे सतरा डझन आठ. काकांनी नऊ सांगितलं, कारण त्यांनी २१३ खोकी धरली. सुट्ट्या बटणांचं खोकंही. त्याला तर बाहेर काही शिवलेलंच नाही.

आधी वाटलं, टेक गेला. बोटांवर मोजणारा एखादा प्रेक्षक हमखास पकडेल. मग तासाभराने वाटलं, चूक राहू दे, ती त्यालाच पकडू दे.

३१ जानेवारी

शेवटचं पान पक्कं. सही गेली, शटर गेलं.

(दोनशे बाराव्या खोक्याचं झाकण लावतो. अंगठा बाहेरच्या बटणावर.)
हे बाहेरचं धरलं का आपण?
(उत्तर नाही.)
प्रत्येकाला एक आहे. तोही माल आहे.
(तोंडाने हिशेब.)
सतरा डझन नऊ. लिहा.
(पेन. नजर खाली जाते, स्टुलाशेजारच्या खोक्याकडे.)
नाही, थांबा. आठ. त्याला बाहेर काही नाही.

काकांना एकच सूचना दिली: 'आठ' म्हणताना दुरुस्ती करायची आहे, आठवण काढायची नाही. बेरीज चुकलेला माणूस जितका ओशाळतो तितकंच.

२ फेब्रुवारी

दुसरा दिवस. चौथा आणि पाचवा टेक.

चौथ्यात वर हात टाकणं असं झालं की माझ्या अंगावर काटा आला, पण २०९ला टेबलावर फोकस चुकला आणि तो सावरेपर्यंत तीन सेकंद गेली. ताई स्वतःवर चिडली. पाचव्यात फोकस स्वच्छ, शेवट स्वच्छ, मात्र काकांनी हात वर टाकण्याआधी स्टुलाकडे ओझरतं बघितलं. म्हणजे त्यांना माहीत होतं की हात पोहोचणार नाही. दोन्ही टेक जोडून घ्यावेत असं क्षणभर मनात आलं. एखादं खोकं भिंगासमोरून नेऊन गुपचूप कट लपवता येतो. पण त्यासाठी दोन्हीतला कवडसा जुळायला हवा, आणि तो मीच मोकळा सोडला होता.

पाचवा ठेवला. ९ मिनिटं २० सेकंद. स्टुलाकडे बघणं चारदा पाहिलं, आता तितकंसं खुपत नाही. म्हाताऱ्या माणसाला स्टूल कुठे आहे हे माहीत असणारच. तरी चौथ्यातला हात आठवतो.

५ फेब्रुवारी

आवाजाचं काम. सहाव्या मिनिटाला बाहेर हॉर्न वाजलाय, पण नेमका पेन चालू असताना. तेवढा तुकडा काढून तिथे रिकाम्या दुकानाचा आवाज भरला. जागेवर अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प उभं करून तो मुद्दाम रेकॉर्ड केला होता. हॉर्न शब्दावर आला असता तर काही करता आलं नसतं.

पेनाचा आवाज मात्र दांडीच्या माइकला फारच बारीक आलाय. सगळी यादी पुन्हा लिहिली, माइक वहीपासून वीतभर लांब ठेवून, काकांच्या बोलण्याच्या तालावर. तेरा नोंदी सहज बसल्या. २०२ला 'नऊच' नंतर माझं पेन क्षणभर अडलं होतं, तेही तसंच ठेवलं.

शेवटच्या नोंदीवर अडलो. 'आठ' ऐकल्यावर लिहिणारा नऊ खोडणार आणि शेजारी आठ लिहिणार. एक रेघ मारून बघितली. ऐकायला ती बरोबरच्या खुणेसारखी वाटते. दोन रेघा मारल्यावर खोडल्याचं कळलं. दोन रेघा, मग आठ, मग चार सेकंद काहीच नाही.